अडीच एमएलचा डोस आणि पावडरचं औषध

मूल तीन वर्षांचं, मुलगा, वजन १२ किलो. सोमवारी रात्रीपासून ताप, नाक वाहतं, कोरडा खोकला, जेवण कमी. बुधवारी सकाळी आजी त्याला कडेवर घेऊन आल्या. आई-वडील दोघंही नोकरीवर गेलेले. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातली ही बालरोग ओपीडी, दिवस गौरी-गणपतीनंतरचे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आजार आणि बोलणं जसं झालं तसंच ठेवलं आहे, कारण तरुण डॉक्टरांना आणि घरातल्या माणसांनाही त्याचा उपयोग होईल असं मला वाटतं.

आजींनी बसता बसताच पिशवीतून एक रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. सेफिक्झिम या अँटिबायोटिकची, पाणी घालून तयार करायची असते तशी. "डॉक्टर, हेच द्या. गेल्या थंडीत याला असाच ताप होता. तीन दिवस साधं औषध पाजलं, काही फरक नाही. मग दुसऱ्या दवाखान्यात हे पावडरचं औषध दिलं, दोन डोसात ताप गायब. या वेळी तीन दिवस वाया घालवायचे नाहीत. आणि एक सुई मारता आली तर तीही मारा."

अशा वेळी "याची गरज नाही" हे वाक्य लगेच तोंडावर येतं. ते मी शेवटासाठी ठेवतो. आजींनी पुरावा आणला होता आणि त्यांच्या दृष्टीने तो पक्का होता. तो ऐकून न घेता नाही म्हटलं असतं, तर त्या उठून शेजारच्या दवाखान्यात गेल्या असत्या आणि बाटली मिळवली असती. म्हणून आधी विचारलं, "आजी, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मुदतीच्या तापाची." लग्न होऊन वर्ष झालं असेल, १९७६ च्या सुमाराची गोष्ट. धाकट्या दिराला ताप आला. घरच्यांनी काढे दिले, अंगारे लावले. दोन आठवड्यांनी पोरगा बडबडायला लागला तेव्हा बैलगाडीतून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी कॅप्सूल चालू केल्या आणि चार-पाच दिवसांत ताप उतरला. "उशीर केला म्हणून मरता मरता वाचला. तेव्हापासून मी तापाला उशीर करत नाही. आणि याची आई कामावर. काही झालं तर म्हणतील, आजी घरात होती ना?"

हे ऐकल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. आजींचा हट्ट अडाणीपणातून आलेला नव्हता. मुदतीचा ताप म्हणजे विषमज्वर, टायफॉइड. तो बॅक्टेरिया या जंतूंमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक लागतंच आणि उशीर महागात पडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचा धडा खरा होता. फक्त तो या तापाला लागू होतो की नाही, एवढंच बघायचं होतं.

मी मुलाला तपासताना मोठ्याने बोलतो. शांतपणे तपासून शेवटी निकाल सांगितला तर समोरच्याला वाटतं, डॉक्टरांनी नीट पाहिलंच नाही. ताप १०२.२ फॅरनहाइट. आधी श्वास मोजला, रडायच्या आत, पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून: ३४. "या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त झाले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. याचे ३४ आहेत, तेही अंगात ताप असताना. बरगड्यांखाली खड्डा पडत नाही, हे बघा." छाती दोन्ही बाजूंनी मोकळी. कानाचा पडदा किंचित गुलाबी, पण फुगलेला नाही, मागे पू नाही. घसा लाल, टॉन्सिलवर पांढरे ठिपके नाहीत. डोळे थोडे लालसर, नाकातून पाणी. मान सैल. पोट मऊ, यकृत-प्लीहा वाढलेली नाही. अंगावर पुरळ किंवा रक्ताचे ठिपके नाहीत. लघवी सकाळपासून दोनदा झालेली.

मग विचारलं, घरात आणखी कोणाला सर्दी? गणपतीला पुण्याहून नणंदेची पोरं आली होती, दोघंही शिंकत होती. आता आजोबांचाही घसा बसलाय. आणि ताप उतरला की हा काय करतो? "उतरला की खेळतो. काल रात्री तर गाडी घेऊन घरभर."

नाक, डोळे, घसा, खोकला असं एकाच वेळी सगळीकडे पसरलेलं असणं, घरात ओळीने माणसं आजारी पडणं आणि ताप उतरताच मूल खेळायला लागणं, हे सगळं विषाणूकडे बोट दाखवतं. जंतू बहुधा एक जागा धरून बसतात: एक कान, फुफ्फुसाचा एक भाग, लघवीची वाट. इथे तशी एकही जागा सापडली नाही. विषमज्वरात सहसा ताप दिवसागणिक चढत जातो आणि मूल मलूल पडतं. वाहतं नाक ही त्याची खूण नाही.

आजींनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग गेल्या वेळी दोन डोसात कसा उतरला?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आजीचा, आईचा असतो आणि त्याला खरं उत्तर द्यायलाच हवं. मी कागदावर आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर दिवस मांडले. साधा विषाणूचा ताप तीन ते पाच दिवस राहतो. पहिले दोन दिवस चढता, नंतर उतरता. घरचे तीन दिवस कळ काढतात, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बदलतात, पावडरचं औषध चालू होतं आणि चौथ्या दिवशी ताप उतरतो. तो तसाही चौथ्या दिवशीच उतरणार होता. आजी स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला." मी त्यांना आणखी एक विचारलं: त्या औषधानंतर याचं पोट बिघडलं होतं का? बिघडलं होतं. दिवसाला सहा-सात जुलाब, नितंब सोलून निघाले होते. घरच्यांनी ते दाढा येताहेत म्हणून सोडून दिलं होतं. तापाचं श्रेय औषधाला मिळालं आणि जुलाबाचा दोष दाढांवर गेला.

त्यांच्या घरी शेती आहे, म्हणून मग शेतातलं उदाहरण घेतलं. "सोयाबीनवर तांबेरा पडला आणि तुम्ही अळीचं औषध मारलं, तर?" "पैसे पाण्यात," आजी म्हणाल्या, "तांबेरा जात नाही त्याने." "अँटिबायोटिक हे अळीचं औषध आहे. याला झालाय तांबेरा." त्या हसल्या नाहीत, पण मान हलवली. मग त्यांनीच पुढचं वाक्य पूर्ण केलं: "आणि उगाच फवारत राहिलं तर अळ्या निर्ढावतात. पूर्वी एका फवारणीत जायच्या."

तिथून दिरांच्या कॅप्सूलकडे परत आलो, कारण औषध निष्प्रभ होणं म्हणजे काय हे त्यांच्याच आठवणीतून सांगता येणार होतं. त्या काळात विषमज्वराला क्लोरॅम्फेनिकॉल द्यायचे. दिरांना बहुधा तेच मिळालं असणार. पण त्याच दशकात, १९७२ मध्ये, केरळात कालिकतला त्या औषधाला दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली होती. १९९० च्या आसपास क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल या तिन्हींना न जुमानणारे जंतू देशभर दिसायला लागले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. तेही आता विषमज्वरात भरवशाचं राहिलेलं नाही. आज आमच्या हातात मुख्यतः सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन आणि अझिथ्रोमायसिन आहे. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा विषमज्वर पसरला. म्हणजे आजींनी टेबलावर ठेवलेली रिकामी बाटली हे त्यांच्या भीतीवरच्या मोजक्या उरलेल्या औषधांपैकी एक आहे. मी म्हटलं, "आजी, दिरांना झाला तसा ताप उद्या याला झाला, तर मला हेच औषध लागणार आहे. ते चालायला हवं ना?"

आणखी एक गोष्ट सांगितली, जी बहुतेक घरांना माहीत नसते. विषमज्वराचं निदान पक्कं करायचं तर रक्त कल्चरला पाठवतात, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघतात. आधीच अँटिबायोटिकचे दोन-चार डोस गेले असतील तर जंतू अर्धमेला होतो आणि कल्चरमध्ये उगवत नाही. मग ताप सातव्या दिवशीही असतो, नाव मात्र सापडत नाही. घाईने दिलेलं औषध अशा रीतीने खऱ्या आजाराचं निदान लांबवतं. उशिराची भीती बाळगणाऱ्या आजींना हा मुद्दा सगळ्यात जास्त पटला.

पण नुसतं 'नाही' देऊन त्यांना घरी पाठवता येत नव्हतं. त्यांच्या समोर रात्रीचा १०३ ताप होता आणि हातात काही तरी हवं होतं. म्हणून विचारलं, "साधं तापाचं औषध किती देता?" "अडीच एमएल. झाकणावर रेघ आहे ना, तिथपर्यंत." बाटली पाच एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची. म्हणजे एका वेळी ६० मिलिग्रॅम. हा आकडा आला कुठून, तर साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर ताप आला तर द्या म्हणून कोणी तरी सांगितला होता. तेव्हा बाळ सहा किलोचं होतं. बाटल्या बदलत गेल्या, मूल वाढत गेलं आणि डोस तिथेच राहिला.

पॅरासिटामॉल वजनावर देतात, किलोला १५ मिलिग्रॅम. बारा किलोला १८० मिलिग्रॅम, म्हणजे या बाटलीतून साडेसात एमएल. मुलाला लागतं त्याच्या एक तृतीयांश औषध मिळत होतं. ताप उतरणार कसा? 'साध्या औषधाने फरक पडत नाही' या तक्रारीचं मूळ इथे होतं आणि जोरदार औषधाची मागणीही इथूनच आली होती. माझ्या अनुभवात ही गोष्ट इतक्या वेळा सापडते की अँटिबायोटिकचं बोलणं निघालं की मी आधी पॅरासिटामॉलचा डोस विचारतो.

ओपीडीतच औषधाच्या पिचकारीने साडेसात एमएल दिलं आणि पिचकारीवर पेनने खूण केली. चार तासांच्या आत दुसरा डोस नको, शक्यतो सहा तासांनी, आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाजारात पाच एमएलमध्ये २५० मिलिग्रॅमचीही बाटली मिळते. ती हाती आली तर साडेतीन एमएलच पुरतं, तिच्यातून साडेसात दिलं तर डोस दुप्पट होतो. हे मी बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहिलं. आणखी एक: पॅरासिटामॉलबरोबर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन असलेलं मिश्रण देऊ नका म्हणून सांगितलं. पावसाळ्याचे दिवस, गावात डेंग्यूचे रुग्ण. डेंग्यू निघालाच तर ती औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

स्वेटर आणि कानटोपी काढायला लावली. पाणी, पेज, वरणाचं पाणी, जे घेईल ते थोडं थोडं. जेवणासाठी मागे लागू नका. कोमट पाण्याने पुसायचं तर मुलाला बरं वाटतं म्हणून, ताप शून्यावर आणायला नाही.

पुढे काय होईल तेही आधीच सांगून टाकलं. आज आणि उद्या ताप येत राहील, डोस उतरला की पुन्हा चढेल, त्याने घाबरायचं नाही. शुक्रवार सकाळपर्यंत राहिला तर रक्त तपासू. त्याआधीच यायचं ते कधी? झोपेत श्वास मिनिटाला चाळीस किंवा जास्त झाला किंवा बरगड्या आत ओढल्या गेल्या, आठ तास लघवी झाली नाही, सारख्या उलट्या किंवा पोटात जोराची कळ आली, झटका आला, किंवा ताप उतरलेला असूनही मूल खेळत नाही, नुसतं पडून आहे. आणि डेंग्यूची खास खूण: ताप उतरतोय पण हातपाय गार पडताहेत आणि मूल मलूल आहे. तेव्हा ताप गेला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. आजींनी श्वास मोजायला तिथेच शिकून घेतलं, नातवाच्या पोटावर हात ठेवून आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

गुरुवारी रात्री साडेनऊला फोन आला. ताप १०२.८. आजी मेडिकलच्या दुकानासमोर उभ्या होत्या. दुकानदार रिकामी बाटली पाहून नवी द्यायला तयार झाला होता. सेफिक्झिम हे औषध २०१४ पासून एच-वन यादीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि विकलं की नोंदवहीत रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. कागदावर नियम आहे, पण ओळखीच्या आजींना रात्री रिकाम्या हाताने परत पाठवणं दुकानदारालाही जड जातं. मी विचारलं, "डोस दिल्यावर किती उतरला होता संध्याकाळी?" "शंभरावर आला होता. भात खाल्ला चार घास." "श्वास?" "तीस मोजले. दोनदा मोजले." "लघवी?" "झाली." मी म्हटलं, "मग घरी जा. सकाळी रक्त बघू, ठरल्याप्रमाणे." त्या बाटली न घेता गेल्या. आदल्या दिवशी काय बघायचं ते त्यांना माहीत नसतं, तर या फोनवर माझ्याकडे नुसतं "घाबरू नका" एवढंच सांगायला उरलं असतं आणि ते पुरलं नसतं.

शुक्रवारी सकाळी रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी ५,४००, त्यांत लिम्फोसाइट जास्त. प्लेटलेट २ लाख १० हजार. डेंग्यूची एनएस-वन चाचणी निगेटिव्ह. इथे सांभाळून बोलावं लागतं: पांढऱ्या पेशी कमी किंवा बेताच्या असणं विषाणूच्या तापात दिसतं, पण विषमज्वरातही त्या फारशा वाढत नाहीत. या एका आकड्यावर निकाल लागत नाही. मूल बघूनच ठरवावं लागतं, आणि मूल त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या बाईंकडून चॉकलेट मागत होतं. विषमज्वरासाठीची विडाल चाचणी सुचवली गेली होती, ती मी करू दिली नाही. पहिल्या आठवड्यात ती बरेचदा निगेटिव्ह येते आणि पॉझिटिव्ह आली तरी आजचा आजार तोच असं सिद्ध होत नाही. त्या एका कागदावर कितीतरी मुलांना विनाकारण दहा दिवसांचा कोर्स होतो. रविवारपर्यंत ताप राहिला तर कल्चर करायचं, हे ठरवून ठेवलं.

त्याच रात्री ताप उतरला आणि पुन्हा आला नाही. शनिवारी सकाळी छाती-पाठीवर बारीक गुलाबी पुरळ उठलं. आजी दचकल्या आणि परत आल्या. बोटाने दाबलं की पुरळ नाहीसं होत होतं, खाज नव्हती, हातपाय गरम होते, मूल खेळत होतं, प्लेटलेट आदल्या दिवशीच पाहिलेल्या. विषाणूचा ताप उतरताना असं पुरळ येतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. पण मला त्या क्षणी वेगळंच दिसत होतं. बुधवारी सेफिक्झिम चालू केलं असतं तर हे पुरळ औषधाच्या चौथ्या दिवशी आलं असतं, आणि कोणीही त्याला औषधाची ॲलर्जीच म्हटलं असतं. तो शिक्का एकदा कागदावर बसला की पुसत नाही. अशी मुलं मोठी होतात, न्यूमोनिया होतो किंवा शस्त्रक्रिया होते, आणि डॉक्टर साधं, चांगलं औषध सोडून महागडं आणि जड औषध वापरतात. त्यातल्या बहुतेकांना खरी ॲलर्जी नसतेच. या मुलाच्या फाइलवर 'औषधाची ॲलर्जी: माहीत नाही' याच्या जागी मला 'नाही' लिहिता आलं.

खोकला मात्र गेला नाही. दहाव्या दिवशी आजी पुन्हा आल्या. या वेळी मागणी खोकल्याच्या बाटलीची होती. ताप नाही, श्वास २६, छाती मोकळी, भूक परतलेली. विषाणूने सोललेली श्वासनळी भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोपर्यंत खोकला राहतो. सर्दी-खोकल्याच्या ज्या मिश्रणांत क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन एकत्र असतात, ती चार वर्षांखाली देऊ नयेत असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलं आहे, आणि घरातल्या जुन्या बाटलीवर हीच दोन नावं होती. ती ओतून टाकायला सांगितली. रात्री झोपताना अर्धा चमचा मध, वर्षाखालच्या बाळाला मात्र कधीच नाही. तीन आठवड्यांच्या पुढे खोकला राहिला, पुन्हा ताप आला किंवा रात्री छातीत शिट्टी वाजली तर परत यायचं ठरलं. सतराव्या दिवशी आजींनी फोन करून खोकला थांबल्याचं कळवलं आणि आजोबांचा अजून चालू आहे, त्यांना मध किती द्यायचा, ते विचारून घेतलं.